डिस्चार्जनंतर पेशंट परत येईल का? आकडा सांगणाऱ्याला आधी हे विचारा

थोडं मोठं लिहितोय, पण आपल्या कामाचं आहे. शेवटपर्यंत वाचा.

पेशंटला घरी सोडताना ‘हा महिन्याभरात पुन्हा अ‍ॅडमिट होईल का’ याचा अंदाज देणारी मॉडेल्स परदेशात बरीच वर्षं वापरात आहेत. ज्याचा धोका जास्त, त्याला घरी फोन करायचा, गोळ्या चालू आहेत का बघायचं, तपासणीला लवकर बोलवायचं. हेतू चांगलाच आहे. उद्या असं सॉफ्टवेअर आपल्या कल्याणकडे आलं तर त्यावर विश्वास कितपत ठेवायचा, हा प्रश्न आहे.

या प्रकारातला सगळ्यात प्रसिद्ध स्कोअर म्हणजे ‘लेस’. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात ४,८१२ पेशंटांच्या नोंदींवरून तो बनवला आणि २०१० साली छापला. त्यात चारच गोष्टी बघतात: किती दिवस अ‍ॅडमिट होता, इमर्जन्सीत आला होता का, जुने आजार कोणते, आणि गेल्या सहा महिन्यांत किती वेळा इमर्जन्सीत गेला. एकूण १९ गुण. १० किंवा जास्त झाले की धोका मोठा समजतात.

आता ‘अचूक’ म्हणजे काय? परत आलेला एक पेशंट घ्या आणि न आलेला एक घ्या. अशा शंभर जोड्यांत किती वेळा परत आलेल्याला जास्त गुण मिळाले? नाणं उडवलं तरी पन्नास वेळा बरोबर येतंच. लेसचं उत्तर साधारण ६८ होतं. ब्रिटनमध्ये ५०७ वृद्ध पेशंटांवर, सरासरी वय ८५, तोच स्कोअर लावला तर उत्तर आलं ५५. म्हणजे नाण्यापेक्षा जेमतेम बरं. स्कोअर तोच होता, पेशंट बदलले.

दुसरा धोका पाठांतराचा. समजा एका हॉस्पिटलाने ८०० नोंदींवर मॉडेल बांधलं. परत आलेले पेशंट फक्त ८०, आणि मॉडेलमध्ये घातल्या ४० गोष्टी. म्हणजे एका गोष्टीमागे दोनच पेशंट. असं मॉडेल आजार शिकत नाही, ते ८० पेशंट पाठ करतं. अपेक्षित प्रश्नसंच घोकलेल्या पोराची त्याच प्रश्नांवर परीक्षा घेतली, तर मार्क पडणारच.

हे पकडायची पद्धत आहे. ८०० नोंदींच्या चिठ्ठ्या करायच्या. एक काढायची, लिहून घ्यायची, परत टाकायची, असं ८०० वेळा. त्या नव्या यादीवर मॉडेल पहिल्यापासून बांधायचं, कोणत्या गोष्टी घ्यायच्या हेही पुन्हा ठरवायचं. मग ते मूळ नोंदींवर तपासायचं. असं काहीशे वेळा केलं की दर वेळी आकडा सरासरी किती घसरतो ते कळतं. समजा घरचा आकडा ८० आणि घसरण ११, तर खरा आकडा ६९ धरायचा. पाठांतराची आणखी एक खूण असते: ज्यांना मॉडेल ‘शंभरात साठ’ धोका सांगतं, त्यातले प्रत्यक्षात चाळीसच परत येतात, आणि ज्यांना ‘शंभरात दोन’ सांगतं, त्यातले सहा येतात. टोकाचे अंदाज फसतात.

हे सगळं रिपोर्टमध्ये उघड लिहा, असं सांगणारी यादी म्हणजे ‘ट्रायपॉड’. २०१५ मध्ये ती २२ मुद्द्यांची होती, २०२४ मध्ये एआय धरून २७ मुद्द्यांची झाली. पेशंट कुठले, परत आलेले किती, गायब नोंदींचं काय केलं, तपासणी कशी केली, सगळं सांगावं लागतं. पण ट्रायपॉड पाळला म्हणजे मॉडेल चांगलं, असं नाही. वाईट मॉडेलचा रिपोर्टही प्रामाणिक असू शकतो. तो वाचून आपल्याला वाईटपणा दिसतो, एवढाच त्याचा उपयोग, आणि तो मोठा आहे.

आता आपल्या खडवलीचं बघा. समजा इथली एक आजी, डायबेटिस आणि हार्ट फेल्युअर असलेली, इमर्जन्सीत कल्याणला गेली आणि तीन दिवस राहिली. दिवसांचे ३, इमर्जन्सीचे ३, आजारांचे १ आणि २. झाले ९. त्याआधीच्या सहा महिन्यांत ती दोनदा उल्हासनगरला इमर्जन्सीत गेली होती. ते धरलं तर ११, धोका मोठा. पण कल्याणच्या कॉम्प्युटरला उल्हासनगर माहीत नाही. तिथे ९ च राहतात आणि आजीला फोन जात नाही.

पुढे तर आणखी वाईट. दम लागून ती वीस दिवसांनी कळव्याला किंवा सायनला अ‍ॅडमिट झाली, तर कल्याणच्या नोंदीत ती ‘परत आली नाही’, म्हणजे बरी झाली. त्या नोंदींवर मॉडेल बांधलं तर ते हेच शिकणार की लांबून लोकलने येणारे पेशंट परत येत नाहीत. आणि ही चूक चिठ्ठ्यांच्या पद्धतीत सापडत नाही, कारण प्रत्येक चिठ्ठीवर तीच चुकीची नोंद असते.

म्हणून असं काही आपल्याकडे आलं तर मी तीन प्रश्न विचारणार आहे, तुम्हीही विचारा. परत आलेले पेशंट किती होते आणि मॉडेलमध्ये गोष्टी किती घातल्या? ज्या हॉस्पिटलात बांधलं त्याच्या बाहेर कुठे तपासलं? आणि दुसऱ्या हॉस्पिटलात गेलेला पेशंट तुम्ही कोणत्या रकान्यात टाकला?