काचेआडचा हरताळ

पोथीत चुकलेल्या अक्षरावर लेखनिक हरताळ फासतो आणि त्यावर शुद्ध अक्षर लिहितो. पाठचिकित्सा करणाऱ्याला तो पिवळा ठिपका मोलाचा. मी अभ्यासत असलेली एक पोथी आडव्या काचपेटीत कुलूपबंद आहे आणि नेमक्या हरताळाच्या ओळीवर समोरच्या खिडकीचे पांढरे प्रतिबिंब पडते. छायाचित्रात तिथे अक्षराऐवजी नुसता उजेड उमटतो. असे पुसले गेलेले अक्षर मागाहून संगणकावर परत आणता येत नाही.

यावर उपाय पोलरायझिंग फिल्टरचा. १८०८ साली एत्येन-लुई मालुस याने पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्याच्या तावदानांत परावर्तित झालेला मावळता सूर्य कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिला, तेव्हा स्फटिक फिरवताच प्रतिमा उजळू-मंदावू लागल्या. काचेवरून तिरपा परतणारा प्रकाश मुख्यतः एकाच दिशेत कंप पावतो. फिल्टर तेवढी दिशा अडवतो. कागदावरून विखुरणाऱ्या प्रकाशाला अशी ठरावीक दिशा नसल्याने त्यातला साधारण निम्मा भाग आत येतो आणि अक्षर दिसते.

म्हणून आधी जागा निवडायची, मग फिल्टर फिरवायचा. पेटीवर सरळ ओणवे होऊन कॅमेरा धरला, तर कडे कितीही फिरवले तरी प्रतिबिंब हलत नाही. आपली नजर काचेच्या पृष्ठभागाशी सुमारे ३४ अंशांचा कोन करील इतके मागे सरावे लागते. पाण्यासाठी हा कोन ३७ अंशांचा. मात्र इतक्या तिरप्या नजरेतून ओळी दबून दिसतात. त्यामुळे मी ४५ अंशांवर थांबतो. तिथेही प्रतिबिंबाचा फार थोडा अंश उरतो आणि अक्षरांचे वळण बिघडत नाही.

आता फोकस आधी साधावा, कारण काही लेन्समध्ये फोकसबरोबर पुढचा भाग, आणि त्यासह फिल्टरही, फिरतो. मग कडे घट्ट होण्याच्या दिशेनेच सावकाश फिरवावे. उलट फिरवल्यास फिल्टर सुटून पेटीवर पडण्याची भीती. नजर पोथीवर नव्हे, खिडकीच्या प्रतिबिंबावर ठेवावी. ते सर्वांत मंद झाले की थोडे पुढे जाऊन पाहावे; पुन्हा उजळू लागले तर मागची जागा खरी. पाव फेरीत ते सर्वांत मंदपासून सर्वांत तेजस्वी होते. कॅमेरा आडव्याचा उभा केला की ही जुळणी मोडते आणि पुन्हा करावी लागते. फिल्टर दीड-दोन स्टॉप प्रकाश खातो, म्हणजे १/६० सेकंदाच्या जागी १/१५ लागू शकतो. तिपाई हवीच.

अशा छायाचित्रात हरताळाची कड आणि त्यावरचे शुद्ध अक्षर स्पष्ट येते. खालचे मूळ अक्षर मात्र येत नाही. फिल्टर काचेवरचा उजेड हटवतो. लेखनिकाने झाकलेले उघडण्याचे सामर्थ्य त्यात नाही. पाठभेद नोंदवताना हा फरक लिहून ठेवावा.