मोहफुलांचा हिशेब

मुलचेऱ्याकडच्या एका महिला बचत गटाने मोहफुलं साठवून विकण्याच्या व्यवसायाचा कच्चा प्रस्ताव माझ्याकडे तपासायला दिला होता. कर्जमागणीचे प्रस्ताव मी शेवटून वाचते: आधी जोखीम, मग खर्च, मग उपाय, शेवटी अडचण. प्रत्येक भाग त्याच्या आधीच्या भागातून निघाला आहे की नाही, हे उलटं वाचताना लगेच कळतं.

इथे पहिल्याच पानावर लाडू बनवण्याची यंत्रं होती आणि अडचण तिसऱ्या पानावर, एका वाक्यात: ‘फुलांना भाव मिळत नाही.’ बायकांशी बोलल्यावर खरी गोष्ट निघाली. फुलं मार्च-एप्रिलमध्ये पडतात, तेव्हा घरात पैसा लागतो म्हणून ती लगेच विकली जातात. पावसाळ्यात तीच फुलं महाग होतात. म्हणजे अडचण थांबता न येण्याची आहे. तिच्यावर उपाय म्हणजे गटाने हंगामात रोख देऊन खरेदी करणं आणि कोरडं गोदाम. लाडूंच्या यंत्राचा या अडचणीशी संबंधच नव्हता, ते काढायला सांगितलं.

खर्चात आकडे बरोबर होते, पण अर्धे. केंद्र सरकारने २०२० साली वाळलेल्या मोहफुलांची आधारभूत किंमत किलोला १७ वरून ३० रुपये केली, तोच दर धरून १०० क्विंटलचे तीन लाख मांडले होते. विक्री ४५ रुपयांनी, साडेचार लाख. म्हणून नफा दीड लाख. मी विचारलं, शंभर क्विंटल ठेवलं तर शंभरच निघेल का? गटातल्या एका आजींनी मान हलवली. मोहफूल दमट हवेत ओल धरतं, काळं पडतं, आंबूस वास सुटतो, कीडही लागते. दहा टक्के घट धरली, की विकायला ९० क्विंटल उरतं, त्याचे चार लाख पाच हजार. पोती, भाडं आणि वाहतूक चाळीस हजार, पाच महिन्यांचं व्याज पंधरा हजार. हाती राहतात पन्नास हजार.

जोखमीच्या भागात ‘नैसर्गिक आपत्ती’ एवढंच लिहिलं होतं. असं वाक्य कुठल्याही प्रस्तावात चालतं, म्हणून ते काहीच सांगत नाही. खर्चातूनच मोजलं, तर किलोला साधारण साडेएकोणचाळीस रुपयांच्या खाली भाव राहिला की तोटा सुरू होतो. ३५ ला विकावं लागलं, तर चाळीस हजारांचा खड्डा पडतो. हा आकडा लपवावा असं गटातल्या काहींना वाटलं. मला तो पहिल्या पानावर हवा होता, कारण बँकेचा अधिकारी तो स्वतः काढणारच; आपण आधी दिला, तर पुढे काय करणार हेही आपल्याच शब्दांत सांगता येतं.

ते असं लिहिलं: पहिल्या वर्षी फक्त ४० क्विंटल खरेदी. आत घेण्याआधी फूल मुठीत दाबून पाहायचं, चिकटलं तर परत उन्हात. निम्मा माल पाऊस सुरू होताच विकायचा, निम्माच थांबवायचा. मोहाला बहर कमी आला, तर खरेदीच कमी आणि तेवढं कर्ज उचलायचं नाही. ४० क्विंटलवर गोदामाचं पूर्ण भाडं परवडत नाही, तेव्हा जागेचा प्रश्न मात्र उरला. त्यासाठी समाजमंदिराची एक खोली मिळते का, हे ग्रामसभेत विचारायचं ठरलं.