चौतीस खाती

बडनेऱ्याहून अकोल्याकडे निघालेली गाडी कुरूम आणि माना ही स्टेशने मागे टाकते आणि मूर्तिजापूर येते. गेल्या चैत्रात एका नव्या कृषी केंद्राचे हिशेब संगणकावर लावून देण्यासाठी मी तेथे उतरलो, तेव्हा दुकानात मालापेक्षा सुताराचा भुसाच अधिक होता. मालक पंचविशीतला, कृषी पदविका घेतलेला तरुण. त्याचे वडील आयुष्यभर कोरडवाहू शेती केलेले आणि अनेक दुकानदारांच्या उधारीच्या वह्यांत स्वतःचे नाव पाहिलेले गृहस्थ. संगणक आला होता, टॅली घातले गेले होते, आणि पेरणीला दोन महिने अवकाश होता. हिशेबनीसाच्या धंद्यात याहून अनुकूल योग क्वचितच जुळतो, कारण बहुतेक दुकानदार आमच्याकडे येतात ते पहिले वर्ष सरल्यावर, मार्चअखेरीस, पिशवीभर कागद घेऊन.

माझे आजोबा अकोल्याच्या एका कापसाच्या पेढीवर दिवाणजी होते. नवी खतावणी बांधून आली, की कोणत्या खात्यासाठी किती पाने कोरी सोडावयाची याचा विचार ते दोन-दोन दिवस करीत. अडत्याला वीस पाने, हमालीला सहा, धर्मादायाला एक. अंदाज चुकला तर ऐन हंगामात खाते पुढच्या वहीत न्यावे लागे, आणि फार पाने सोडली तर वही फुकट जाई. पानांचा हा हिशेब म्हणजे त्या पेढीच्या येत्या वर्षाचे एक अनुमानच असे. संगणकाला पाने मोजावी लागत नाहीत, तो हवी तितकी खाती उघडू देतो. आणि पूर्वी कागद जो विचार माणसाकडून सक्तीने करवून घेत असे, तो आता कोणी करवून घेत नाही, येथेच आमच्या व्यवसायातील अर्ध्या दुखण्यांचे मूळ आहे. टॅली आरंभी देते ते इतकेच: २८ गट, त्यांपैकी १५ मूळचे व १३ त्यांच्या पोटातले, आणि तयार खाती अवघी दोन, एक रोकडीचे व एक नफा-तोट्याचे. उरलेले सर्व आपण मांडावयाचे.

हे शहाणपण मला अनुभवाने आले, आणि तो अनुभव माझ्या चुकीचा होता. प्रारंभीच्या दिवसांत मी अमरावतीच्या एका किराणा दुकानासाठी मोठ्या अडत दुकानाची पावणेदोनशे खात्यांची यादी जशीच्या तशी उतरवून दिली, आणि आपण फार तत्परतेने काम केले अशी माझी समजूत होती. वर्षअखेरीस पाहतो तो चहाचा खर्च चार खात्यांत विखुरलेला: एक ‘चहापाणी’, एक ‘दुकान चहा’, एक Tea आणि एक Tea Exp. नोंदी करणाऱ्या मुलाला लांबलचक यादीत खाते सापडेना, म्हणून त्याने नोंद चालू असतानाच Alt+C दाबून नवे खाते उघडले. गट कोणता, असे यंत्राने विचारले तेव्हा जो समोर दिसला तो निवडला. त्यामुळे चहाचा चौथा हिस्सा Fixed Assets या गटात, म्हणजे दुकानाच्या स्थावर-जंगम मालमत्तेत, जाऊन बसला होता. तेरीज मात्र पैशापैशाला जुळत होती. तेरीज नावे आणि जमा यांची बेरीज पाहते. रक्कम कोणाच्या घरी गेली याची चौकशी ती करीत नाही.

मूर्तिजापुरात म्हणून मी यंत्राला हात लावण्यापूर्वी कागद घेतला आणि मालकाला एकच प्रश्न केला: दिवाळी झाल्यावर तुम्हाला या दुकानाविषयी काय काय समजावयास हवे? त्याच्या उत्तरातून खाती निघाली. बियाणे, खते आणि कीटकनाशके यांचे परवाने वेगळे, कायदे वेगळे. कराचा दरही वेगळा. पेरणीच्या बियाण्यावर जीएसटी नाही, रासायनिक खतावर शेकडा ५, रासायनिक कीटकनाशकावर शेकडा १८. तेव्हा खरेदीची तीन व विक्रीची तीन खाती आपसूकच ठरली. करमाफ बियाण्याची विक्री वेगळी दिसली नाही, तर फोन, संगणक अशा सामाईक खर्चावर भरलेल्या करापैकी किती वजावट सोडून द्यावयाची हे पुढे कळत नाही, आणि ते शोधण्यासाठी वर्षभराची बिले पुन्हा उलगडावी लागतात. कराची पद्धत मात्र याआधी निश्चित करावी लागते. दीड कोटीच्या आतल्या व्यापाऱ्याला करपात्र विक्रीवर शेकडा १ भरून मोकळे होण्याची कंपोझिशनची वाट खुली आहे. ती धरली तर खरेदीवर दिलेला कर मालाच्या किमतीतच मुरतो आणि त्याच्या वजावटीचे खाते उघडण्याचे कारण उरत नाही. या मालकाने औषधांवरचा १८ टक्के कर अंगावर घेण्यास नकार दिला व नेहमीची पद्धत पत्करली, म्हणून Duties & Taxes या गटात दिलेल्या व घेतलेल्या कराची खाती आली.

याच बैठकीत गाडीभाड्याचा प्रश्न निघाला, आणि त्यावर आम्ही तासभर घालविला. अकोल्याहून खताची चुंगडी आणावयाची तर ट्रकचे भाडे आणि चढ-उताराची हमाली लागते. हा खर्च Indirect Expenses मध्ये, म्हणजे वीजबिल व झाडूवाल्याच्या पगारासोबत, घालण्याची सर्वसाधारण रीत आहे. निव्वळ नफा त्याने बदलत नाही, त्यामुळे कोणी तक्रारही करीत नाही. मी कागदावर एक उदाहरण मांडले. समजा, सहा लाखांचे खत घेतले आणि सर्व ६,३६,००० रुपयांस विकले. भाडे व हमाली मिळून २१,००० लागले. भाडे अप्रत्यक्ष खर्चात गेले तर ढोबळ नफा ३६,००० दिसतो, म्हणजे विक्रीवर शेकडा साडेपाचाहून थोडा अधिक. तेच Direct Expenses मध्ये घेतले तर तो १५,००० वर, म्हणजे शेकडा सव्वादोनाच्या किंचित वर येतो. पहिला आकडा पाहणारा दुकानदार चार महिन्यांच्या उधारीवर खत देण्यास राजी होईल. दुसरा पाहणारा खत रोखीनेच विकेल आणि उधारी औषधांपुरती ठेवील. मालकाने ‘खत गाडीभाडे’ आणि ‘खत हमाली’ अशी दोन खाती स्वतःच्या हाताने लिहिली. कंपन्यांकडून हंगामाअखेर मिळणाऱ्या स्कीमच्या रकमेसाठीही आम्ही Direct Incomes खाली वेगळे खाते ठेवले. ती खरेदीत मुरविली, तर औषधांचा नफा भावातून आला की स्कीममधून, हे कधीच उमगत नाही.

भांडवलाचे खाते मांडताना वडील बोलले. मालकाने चार लाख घातले होते. पैकी दीड लाख मेहुण्याचे हातउसने असल्याचे चौथ्यांदा विचारल्यावर समजले. ते Capital Account मध्ये न जाता Unsecured Loans मध्ये गेले, आणि जागेसाठी दिलेली ६०,००० ची अनामत Deposits (Asset) मध्ये. अनामत खर्चात टाकली, तर पहिल्याच वर्षी दुकान विनाकारण तोट्यात दिसते. त्यानंतर मी ‘उचल’ या नावाचे खाते भांडवलाखाली उघडण्यास सांगितले.

“काऊन हो साहेब,” वडील म्हणाले, “नातवाची फी, घरचा किराणा, समदं तं याच गल्ल्यातून जाईन. मंग ते दुकानाचा खर्च नाही तं काय?”

“काकाजी, गल्ला एकच असेल, पण वह्या दोन आहेत. घराने दुकानाकडून किती नेले, हे दिवाळीला दिसावयास नको का?”

ते काही बोलले नाहीत, तथापि त्यांनी मान हलविली.

शेतकऱ्यांच्या खात्यांत मला सर्वाधिक रस वाटतो, कारण येथे मुलूख यादीत उतरतो. Sundry Debtors खाली आम्ही गावांचे उपगट केले: माना, कुरूम, लाखपुरी आणि आणखी नऊ. वसुलीला मोटारसायकल एका दिवशी एकाच दिशेला जाते, तेव्हा यादीही गावनिहाय निघाली पाहिजे. टॅली एकाच नावाची दोन खाती उघडू देत नाही, आणि वऱ्हाडातल्या एका गावात एकाच नावाआडनावाचे तीन गृहस्थ सहज भेटतात. म्हणून नाव, वडिलांचे नाव, आडनाव व गाव असा दंडक घातला आणि गावात ज्या टोपणनावाने माणूस ओळखला जातो ते Alias मध्ये लिहिले. प्रत्येक खात्यात बिलवार बाकी ठेवण्याचा पर्याय चालू केला, आणि मालकाला एका धोक्याची जाणीव करून दिली. शेतकरी कापूस विकून येतो व दहा हजार ठेवतो. ती रक्कम कोणत्या बिलापोटी, हे न लिहिता On Account म्हणून जमा केली तर एकूण बाकी बरोबर दिसते, पण जूनचे जुने बिल तसेच थकीत राहते, आणि ज्याने पैसे दिले त्याच्याच दारी तगादा जातो. खेड्यात असा एक तगादा म्हणजे एक गिऱ्हाईक गेले.

ज्या रकमेचा उगम वा हेतू समजत नाही तिच्यासाठी Suspense A/c या गटात एकच खाते ठेवले. जुन्या चोपड्यांत याला उचंत म्हणत. आजोबांच्या पेढीवर महिनाअखेरीस उचंत कोरे करण्याची शिस्त होती, ती मी तशीच सांगितली. नवे खाते उघडण्याचा अधिकार पासवर्ड लावून मालकापाशी ठेवला, नोंद करणाऱ्या मुलापाशी नाही. चुकीच्या गटात पडलेले खाते नंतर हलविता येते, परंतु त्याच्या जुन्या नोंदीही त्याबरोबर हलतात, आणि दाखल केलेल्या गतवर्षीच्या ताळेबंदातील आकडे यंत्रात बदललेले दिसू लागतात. सबब दुरुस्ती करावयाची ती पहिल्या वर्षातच.

पक्षकारांची व बँकेची खाती वगळून यादी ३४ खात्यांवर थांबली. मी ती छापून काउंटरच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटविली.

दिवाळीनंतर पुन्हा गेलो तेव्हा कागद जागेवर होता, आणि तळाशी पेन्सिलीने पस्तिसावे नाव लिहिले होते: ‘चंदा’. गटाच्या रकान्यात प्रश्नचिन्ह. दुर्गोत्सवाची ५०१ रुपयांची वर्गणी गल्ल्यातून दिली होती, असे मालक म्हणाला, आणि नोंद करणाऱ्या मुलाने ती उचंतात टाकून ठेवली होती. मी पावती मागितली. ती दुकानाच्या नावाची असती, तर खर्चात घेण्याचा विचार करता आला असता. परंतु पावतीवर वडिलांचे नाव होते.

वडिलांनी पावती हातात घेतली, चष्मा वर सरकवून ती दोनदा वाचली, आणि मुलाला म्हणाले, “उचलीत टाक.”