आत्तीचा कान

आमच्या आत्तीला लिहिता-वाचता येत नव्हतं. गावच्या यात्रेच्या नाटकासाठी मी लिहिलेला बोलीतला जवळजवळ प्रत्येक संवाद मात्र आधी तिच्या कानावरून गेलेला आहे. आमचं गाव कोल्हापूरच्या दक्षिणेला, कागलच्या अंगाला. तालमी रात्री शाळेच्या व्हरांड्यात चालायच्या. चूलभांडी आवरून आत्ती यायची, खांबाला टेकून बसायची आणि मधेच विचारायची, "ही बाई कुठल्या गावची म्हणायची?"

बोलीतला संवाद तपासायला याहून नेमका प्रश्न मला अजून मिळालेला नाही. रंगभूमीवर आणि सिनेमात एक ग्रामीण भाषा तयार झालेली आहे, ती कुठल्याच गावात कोणी बोलत नाही. तिच्यात 'मह्या' मराठवाड्यातून येतो, एखादं क्रियापद वऱ्हाडातून येतं, 'लई' आमच्याकडून जातं, आणि सगळ्या 'ण'चे सरसकट 'न' होतात. प्रेक्षकाला एवढंच कळतं की हा माणूस खेडवळ आहे. तो कुठला, किती शिकलेला, कोणाशी बोलतोय, यातलं काहीच कळत नाही. पात्राचं सोंग होतं ते इथं.

एका नाटकात हक्कसोडपत्राचा प्रवेश होता. वडील वारले आहेत, वारसनोंदीला भावाबरोबर बहिणींची नावं लागली आहेत. धाकटा भाऊ कागद तयार करून थोरल्या बहिणीकडे आला आहे. तिनं दुय्यम निबंधकांपुढं सही केली की फेरफार धरून तिचं नाव सातबारावरून कमी होणार. पहिल्या खर्ड्यात ती बहीण म्हणत होती, "म्या न्हाय सही देनार! माज्या बापाची जिमीन हाय!" आत्तीनं ऐकलं आणि म्हणाली, अशी बाई भांडत नसती. मग कशी भांडते, असं विचारल्यावर तिनं खांबाला टेकूनच, आवाज न चढवता सांगितलं:

"सही करतो की रं. न्हाई कुठं म्हटलंय? पर उद्या माहेराला आलो तर कुणाच्या दारात उतरायचं, तेवढं बी कागदात लिहून घे."

या दोन ओळींत आमच्या बोलीचं व्याकरण आहे आणि बहुतेक बहिणी सही का करतात त्याचं कारणही आहे. बहिणीला जमिनीपेक्षा माहेर तुटण्याचं भय जास्त असतं, कायद्यानं हिस्सा दिला तरी. ही बाई नकार देत नाही. होकार देते आणि त्याची किंमत भावाच्या पुढ्यात मांडते. 'करतो की' मधला तो 'की' नुसता शेपटाला लावलेला नाही. 'यात विचारायचं काय', 'मी कधी अडवलं तुला' हे सगळं त्या एका अक्षरात येतं. खर्ड्यातल्या वाक्यात उच्चार तेवढा गावाकडचा होता. आत्तीच्या वाक्यात विचाराची चाल गावाकडची आहे. तेव्हापासून मी प्रत्येक संवाद आधी प्रमाण मराठीत करून पाहतो. प्रमाण मराठीत आणल्यावर त्यात काहीच उरलं नाही, तर ते वाक्य फक्त आवाजावर उभं होतं असं समजून काढून टाकतो. आत्तीचं वाक्य कुठल्याही मराठीत नेलं तरी भावाला निरुत्तर करतं.

'करतो' आणि 'आलो' ही रूपं बाईच्या तोंडची आहेत, हे कोल्हापूरकडच्या वाचकाला सांगायला नको. आमच्याकडच्या बायका 'मी येतो', 'मी जेवलो' असंच म्हणतात. यात्रेच्या नाटकाला नट्या बाहेरून ठरवून येतात, शेवटच्या एक-दोन तालमींना. आलेल्या बाईंनी सवयीनं 'करते' म्हटलं, तेव्हा आत्तीनं पुन्हा तोच प्रश्न विचारला. रूप ठेवायचं ठरलं. पण अडचण पुढं होती. हेच नाटक स्पर्धेला शहरात गेलं तर 'सही करतो की' या वाक्याला हशा येणार, आणि प्रवेश तिथंच कोसळणार. वाक्य बदलणं सोपं होतं. मी वाक्य ठेवलं आणि पहिल्या प्रवेशात दोन बायकांचं धुण्याच्या दगडावरचं साधं बोलणं घातलं: कोण कधी आलो, कोण कधी जातो, कुणाच्या म्हशीला काय झालं. नवख्या कानाला काय हसायचं ते तिथं हसून होतं. वजनदार प्रवेश येईपर्यंत कान रुळलेला असतो आणि 'करतो' कोणाला खटकत नाही.

कागलच्याच आनंद यादवांनी 'गोतावळा' (१९७१) ही कादंबरी सबंध बोलीत लिहिली, निवेदनासकट. तिथं निवेदक नारबा आपल्याच भाषेत विचार करतो, म्हणून शेजारी तुलनेला दुसरी भाषाच नाही. नाटककाराला हे सुख नसतं. रंगमंचावर तलाठी, मास्तर, कॉलेजातला पुतण्या सगळे एकाच वेळी उभे असतात, आणि प्रमाण बोलणारा शेजारी आला की बोली बोलणारा आपोआप अडाणी दिसायला लागतो. त्यावर मी एकच गोष्ट सांभाळतो. त्या प्रवेशातला सगळ्यात अवघड युक्तिवाद बोली बोलणाऱ्याकडं देतो आणि कचेरीचे शब्द त्याच्या तोंडी मोडूनतोडून घालत नाही. 'फेरफार', 'उतारा', 'खातेफोड' हे शब्द शेतकरी शहरी माणसापेक्षा सफाईनं वापरतो. त्याचं निम्मं आयुष्य त्या कागदांमागं गेलेलं असतं.

संहितेतलं लेखनही मी हळूहळू प्रमाणाच्या जवळ आणलं. 'पानी', 'कोन', 'शान्या' असं पानोपान लिहिलं की नट अक्षराकडं बघून बोलतो आणि प्रत्येक 'न'वर जोर देतो. आमच्या गावचा नट 'पाणी' लिहिलेलं वाचून आपल्या तोंडचाच उच्चार करतो, त्याला शिकवावं लागत नाही. क्रियापदाचं रूप, शब्दांचा क्रम, 'की', 'बी', 'रं', 'गा' एवढं तेवढं जसंच्या तसं लिहितो. बाहेरच्या नटाला उच्चार कागदावरून येतच नाही. त्याला आत्तीशेजारी बसवून चहा पाजावा लागतो.

आत्तीचं सगळ्यात मोठं देणं मात्र बहिणीच्या संवादाचं नाही. प्रवेश जमला म्हणून आम्ही सगळे खुशीत होतो, तेव्हा ती म्हणाली, "त्या भावाला बी बोलू दे की. त्याला नुसतं उभा केलाय." भाऊ लोभी होता, त्याच्या वाट्याला दोन-चार दरडावणीची वाक्यं होती. मी विचारलं, तो काय बोलेल? तिनं सांगितलं ते मी तिथंच उतरवून घेतलं:

"आक्का, उताऱ्यावर सात नावं झाल्यात. सोसायटीत गेलो की सेक्रेटरी म्हणतोय समद्यांच्या सह्या आण. एक पुण्यात, एक मुंबईत. लागण तोंडावर आलीया, खत कशानं आणू? तुझं दार बंद करायला न्हाई आलो मी. माझं उघडं ऱ्हावं म्हणून आलोय."

आत्तीनं स्वतः सही करून दिलेली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी, आपल्या भावाला, म्हणजे माझ्या वडिलांना. हे मला माहीत होतं आणि व्हरांड्यात बसलेल्या निम्म्या लोकांनाही. तरी तिनं भावाच्या तोंडी एकही हलकं वाक्य घातलं नाही. प्रयोगाच्या रात्री हा प्रवेश सुरू असताना पुढच्या रांगेतल्या कुणीच बाजू घेऊन ओरडलं नाही. एरवी आमच्या यात्रेत खलनायकाला शिव्या मिळतात.

हस्तपत्रिकेत तिचं नाव घालायचं मी काढलं, तर तिनं साफ नको म्हटलं. संहितेच्या पहिल्या पानावर आजही एकट्या माझं नाव आहे. म्हणून इथं लिहून ठेवतो, त्या प्रवेशातला भाऊ आणि बहीण, दोघांचंही बोलणं तिचं आहे.