जुन्या घरातली अ‍ॅल्युमिनियमची वायर

रत्नागिरी जिल्ह्यातलं आमचं घर अब्बांनी १९७८ साली बांधलं. त्या काळी तांबं महाग होतं आणि बरंचसं परदेशातून येत असे. म्हणून कित्येक घरांत लाकडी पट्टीवर अ‍ॅल्युमिनियमची वायर क्लिपांनी बसवली जाई. घरात चार बल्ब, दोन पंखे आणि एक रेडिओ. एवढ्याला ती वायर पुरून उरली. पुढे फ्रिज आला, गिझर आला. मागच्या वर्षी कुवेतच्या धाकट्या भावाने अम्मीच्या खोलीत एसी बसवायला पैसे पाठवले, तेव्हा प्रश्न उभा राहिला. वायर बदलायची तर हे पैसे त्यातच जाणार, आणि एसीशिवाय अम्मीचा उन्हाळा कठीण.

गावातल्या परवानाधारक वायरमन चाचांना बोलावलं. मेन स्विच बंद करून त्यांनी गिझरचा बोर्ड उघडला. सॉकेटमागचं प्लास्टिक तपकिरी झालं होतं आणि वायर धरणारा स्क्रू दीड फेरा फिरला. "वायर आतून ठीक आहे, जळतोय तो जोड," चाचा म्हणाले.

यामागचं कारण धातूच्या स्वभावात आहे. त्याच जाडीची अ‍ॅल्युमिनियमची वायर तांब्याच्या सुमारे साठ टक्केच वीज वाहते. पण ती उणीव जाड वायर घेऊन भरून काढता येते. खरी अडचण स्क्रूखाली असते. अ‍ॅल्युमिनियम मऊ आहे. स्क्रूच्या दाबाखाली ते हळूहळू पसरतं आणि पकड सैल होते. गरम झाल्यावर ते तांब्यापेक्षा जास्त फुगतं, थंड झालं की आकसतं. रोज हेच घडत राहिलं की स्क्रू आणखी ढिला होतो. शिवाय हवा लागताच त्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढतो आणि तो वीज अडवतो. आमच्यासारख्या दमट हवेत पितळी किंवा तांब्याच्या भागाला टेकलेलं अ‍ॅल्युमिनियम झिजतंही.

आमच्याच गिझरचा हिशोब मांडू. २००० वॉटचा गिझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपिअर घेतो. ढिल्या जोडाचा रोध अर्धा ओहम धरला, तर त्या एका ठिपक्यात सुमारे ३८ वॉट उष्णता तयार होते. म्हणजे बोर्डाच्या आत लाकडाला टेकवून एक सोल्डरिंग आयर्न चालू ठेवल्यासारखंच. १६ अँपिअरचा एमसीबी मात्र पडत नाही, कारण त्याच्या दृष्टीने ८.७ अँपिअर हा साधा भार आहे. शॉक लागण्यापासून वाचवणारं आरसीसीबीही ही उष्णता ओळखत नाही. म्हणून ओळखायचं ते आपणच. बोर्डाला हात लावला तर गरम लागणं, जळक्या प्लास्टिकचा किंवा माशासारखा वास, गिझर लावला की दिवे फडफडणं आणि स्विचजवळ बारीक चरचर, यांपैकी काहीही दिसलं तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवावं.

मग सगळं घर उकलायचं का? आम्ही भार बघून वाटणी केली. गिझर, फ्रिज, इस्त्री आणि एसी यांच्यासाठी मीटरजवळच्या बोर्डापासून थेट तांब्याच्या वेगळ्या लाइनी ओढल्या. एसीला ४ चौरस मिलिमीटर, बाकीच्यांना २.५. जुन्या वायरिंगला अर्थिंग नव्हतं, तेही सोबत घातलं. दिवे-पंख्यांचा भार अर्ध्या-एक अँपिअरचा. तिथली जुनी वायर तूर्त ठेवली, पण प्रत्येक जोड उघडून तपासला. जिथे वायरचं आवरण कडक होऊन तडकलं होतं, तिथे ती बदललीच. जुन्या अ‍ॅल्युमिनियमला तांबं पिळून वर टेप गुंडाळायची, असा जोड आम्ही कुठेही ठेवू दिला नाही. दोन्ही धातूंसाठी बनवलेले कनेक्टर मिळतात, तेच लावले. यात पैसे संपले. एसीची लाइन तयार आहे, मशीन पुढच्या वर्षी येईल. भाऊ फोनवर थोडा नाराज झाला. अम्मीने त्याला सांगितलं, "एक उन्हाळा पंख्यावर काढीन बेटा, पण रात्री डोळा तर लागेल."

आपल्या घरात कोणती वायर आहे हे बघताना वरच्या रंगावर जाऊ नये. मेन बंद करून, टेस्टरने वीज नसल्याची खात्री झाल्यावर टोक पात्याने खरवडावं. काही जुन्या तांब्याच्या वायरींवर कथलाचा पांढरा मुलामा असतो, तो खरवडला की आत लाल दिसतं. याउलट बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची वायरही विकली जाते. ती वरून लाल, आतून पांढरी आणि हातात हलकी लागते. नवी गुंडाळी घेताना आयएसआय खूण बघावी आणि दुकानातच टोक खरवडून घ्यावं. नाहीतर तांब्याचे पैसे मोजून घरात पुन्हा अ‍ॅल्युमिनियमच यायचं.