सव्वीस जणांची प्रश्नमंजुषा

आपल्या शाळेत हाऊसच्या प्रश्नमंजुषेत संघ ओळीने बसत आणि प्रश्न चुकला की 'पास' होऊन शेजारच्या संघाकडे जाई. चौथ्या जागेवर बसणारे हाऊस नेहमी खुशीत का असते, हे मला नववीत असताना गणित मांडून कळले. सहा संघ, प्रत्येकाला थेट चार प्रश्न. तिसऱ्या संघाचे तीन प्रश्न चुकले, तर चौथ्याला चार नव्हे, सात प्रश्नांवर पहिली संधी मिळते. चौथ्याचे सगळे प्रश्न बरोबर आले, तर पाचव्याच्या वाट्याला फक्त त्याचे चार. म्हणजे ज्ञानापेक्षा खुर्ची मोठी.

गेल्या वर्षी नोएडात आमच्या ओळखीच्या मराठी कुटुंबांसाठी अशी संध्याकाळ ठरवायचे काम माझ्याकडे आले, तेव्हा सर्वांत आधी खुर्ची काढून टाकली. जमणार होते सव्वीस जण. साठच्या दशकात नोकरीसाठी दिल्लीत आलेले आजोबा, दोन पंजाबी सुना, लष्करातली तीन कुटुंबे आणि देवनागरी अडखळत वाचणारी इथलीच मुले. 'पास' नाहीच. प्रश्न सगळ्या टेबलांना एकदम, उत्तर कागदावर, आणि तपासायला कागद शेजारच्या टेबलाकडे. प्रश्न दोनदा वाचायचा, मराठीत आणि हिंदीत. टेबलेही चिठ्ठ्या टाकून केली, पण मुलांच्या, मोठ्यांच्या आणि आजी-आजोबांच्या चिठ्ठ्या वेगळ्या ठेवल्या. त्यामुळे पाचही टेबलांवर तिन्ही वयांची माणसे आली.

खरा वेळ प्रश्नांना लागला. जो प्रश्न सगळ्यांना येतो आणि जो कुणालाच येत नाही, ते दोन्ही गुण वाटण्याच्या कामाचे नसतात. एखादा गंमत म्हणून ठेवावा, एवढेच. पाचपैकी दोन-तीन टेबलांना यावा, तोही थोडी कुजबुज होऊन, असा प्रश्न हवा. माझा पहिला कच्चा प्रश्न होता : परमवीर चक्राची रचना कोणी केली? कार्यक्रमाला न येणाऱ्या दोघांवर तो करून पाहिला. लष्करातल्या मित्राने मी वाक्य संपवायच्या आत 'सावित्री खानोलकर' म्हटले. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी नुसती मान हलवली. एकाला फुकट, दुसरीला बंद दार. मग तोच प्रश्न उलटा केला : युरोपात जन्मलेल्या आणि मराठी अधिकाऱ्याशी लग्न करून भारतीय झालेल्या या बाईंनी एका पदकाची रचना केली. त्यावर इंद्राच्या वज्राच्या चार प्रतिकृती आहेत. पदक कोणते? आता आजीला वज्रावरून दधीची ऋषींचा त्याग आठवतो, मुलाला शाळेत पाठ केलेली पदके आठवतात, आणि दोघे मिळून उत्तरापर्यंत पोचतात. माहिती तीच, पण आत शिरायच्या वाटा दोन झाल्या.

फेऱ्या पाच, प्रत्येकी आठ प्रश्न, प्रत्येक प्रश्नाला एक गुण. शेवटची फेरी दुप्पट गुणांची करा, असा आग्रह झाला. मी मानला नाही. तसे केले की आधीच्या चार फेऱ्यांत कमावलेली आघाडी दहा मिनिटांत पुसली जाते आणि लोकांना ते बरोबर कळते. चुकीला उणे गुणही ठेवले नाहीत, कारण त्याने पहिल्यांदा गप्प होतात ती मुले आणि म्हातारी माणसे. अर्धा गुण कुठे द्यायचा, हे मात्र उत्तरपत्रिकेवर आधीच लिहून ठेवले होते. फक्त आडनाव चालेल की पूर्ण नाव हवे, हा वाद समोर माणसे बसलेली असताना सोडवायचा नसतो.

बरोबरी झाली तर काय, हेही सुरुवातीलाच सांगितले : उत्तर एक आकडा, दोन्ही टेबलांनी लिहून एकदम उघडायचे, जवळचा जिंकला. कमी-जास्त दोन्ही चालेल. अंतरही सारखेच निघाले तर राखीव दुसरा प्रश्न. आकडा असा निवडावा की नेमका कुणाला पाठ नसावा, पण अंदाज सगळ्यांना बांधता यावा. कळसूबाईची उंची मी याच कारणाने बाद केली. ट्रेक करणाऱ्याला १६४६ मीटर तोंडपाठ असतात.

दोन टेबले २७ वर अडली. प्रश्न होता : कुतुबमिनारला आत किती पायऱ्या आहेत? मुलांनी मिनार बाहेरून पाहिलेला, आणि १९८१ च्या चेंगराचेंगरीनंतर आत चढणे बंद होण्याआधी म्हातारी मंडळी आत गेलेली. एका टेबलाने मजले मोजत, गुणाकार करत ३६५ लिहिले. दुसऱ्यावरच्या आजोबांनी ठामपणे ४२०. उत्तर ३७९. अंतर १४ आणि ४१. आजोबांनी निकाल मान्य केला, पण पायऱ्या मान्य केल्या नाहीत. जिलेबी संपेपर्यंत ते सांगत होते, की आम्ही चढलो तेव्हा नक्की जास्त होत्या.