वय, उत्पन्न आणि पेढीवरचे ज्येष्ठ

वय वाढले म्हणून कर कमी का व्हावा, हा प्रश्न आमच्या घरात अनेकदा निघतो. माझा पुतण्या विचारतो, लाखो रुपयांच्या ठेवी असलेल्या आजोबांना सवलत आणि घराचे हप्ते फेडणाऱ्या तरुणाला ती नाही, हा कोणता न्याय? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधताना कायद्याने वार्धक्याचे कोणते चित्र डोळ्यांसमोर ठेवले आहे, ते पाहावे लागते.

ते चित्र निवृत्त माणसाचे आहे. त्याची कमाई थांबलेली असते आणि साठलेल्या पुंजीच्या व्याजावर घर चालते. व्याजातील काही भाग तर महागाईने झिजलेल्या मुद्दलाची भरपाईच असतो, तरी कर संपूर्ण व्याजावर बसतो. औषधपाण्याचा खर्च वाढतो आणि एखादे वर्ष तोट्यात गेले, तर पुढच्या वर्षी अधिक राबून ते भरून काढण्याची सोय उरत नाही. तरुण कर्जदार असला तरी त्याच्यापुढे कमाईची वर्षे असतात. वयानुसार सवलतीमागचा खरा युक्तिवाद हाच आहे. वय हे गरजेचे अचूक माप नव्हे. पण जन्मतारीख तपासणे सोपे असते आणि प्रत्येकाची गरज तपासणे अशक्य.

आपल्याकडील जुन्या करपद्धतीत करमुक्त मर्यादा साठीच्या आत अडीच लाख, साठीनंतर तीन लाख आणि ऐंशीनंतर पाच लाख रुपये आहे. ज्येष्ठत्वाचे वय 65 वरून 60 वर आले आणि ऐंशीनंतरचा वेगळा वर्ग निर्माण झाला, तो 2011 च्या अर्थसंकल्पात. परंतु साठीच्या माणसाला मिळालेल्या या वाढीव पन्नास हजारांवर पाच टक्क्यांनी वाचतात अडीच हजार; उपकर धरून 2,600 रुपये. ज्या सवलतीचा एवढा बोलबाला, तिची किंमत इतकीच! ऐंशीनंतर मात्र ती 13,000 पर्यंत जाते.

खरा आधार इतर तरतुदींत आहे. बँक, सहकारी बँक आणि टपाल खात्यातील ठेवींच्या व्याजातून ज्येष्ठांना पन्नास हजारांची वजावट मिळते. शिवाय ज्यांना व्यवसायाचे उत्पन्न नाही, त्यांना आगाऊ कराचे हप्ते भरावे लागत नाहीत. वर्षअखेरीनंतर विवरणपत्राबरोबर कर भरला तरी चालते.

इथेच आपल्या व्यापारी घरांची गोष्ट वेगळी होते. माझे वडील एक्याऐंशी वर्षांचे आहेत, आजही सकाळी गादीवर बसतात आणि पेढीत भागीदार आहेत. समजा, त्यांना पेढीकडून मानधन व भांडवलावरील व्याज मिळून आठ लाख मिळतात आणि त्यांच्याच वयाच्या एका निवृत्त गृहस्थांना बँक ठेवींचे आठ लाख व्याज मिळते. जुन्या पद्धतीत गृहस्थांचा कर उपकरासह 52,000 होतो, वडिलांचा 62,400. वय एक, रक्कम एक. पण पेढीचे व्याज बँकेचे नव्हे, म्हणून ती वजावट नाही. नफ्यातील वाटा भागीदाराच्या हाती करमुक्त असतो, परंतु मानधन व भांडवलावरील व्याज हे व्यवसायाचेच उत्पन्न ठरते. त्यामुळे देय कर दहा हजार वा अधिक असेल, तर जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्चचे हप्ते ऐंशीनंतरही चुकत नाहीत. हप्ता राहिला, तर दरमहा एक टक्का व्याज. आमच्या गावात कित्येक घरांत हा व्याजाचा आकडा दिसला, की बँकेची चूक समजून वाद होतो. चूक कोणाचीच नसते.

भागीदारीतून निवृत्त होऊन तीच रक्कम पेढीत ठेव म्हणून ठेवली आणि अन्य व्यवसाय नसला, तर व्याज इतर उत्पन्नात जाते आणि हप्त्यांतून सुटका होते. बँक व्याजाची वजावट मात्र तरीही मिळत नाही. हप्ते टाळण्यासाठी वडिलांना गादीवरून उठवावे, असे मला वाटत नाही. पण हिशेब समजून घेऊन त्यांनीच ठरवावे.

नव्या करपद्धतीत वयाचा भेदच राहिलेला नाही. आर्थिक वर्ष 2025-26 पासून सर्वांनाच चार लाखांची मर्यादा आहे आणि सामान्य दराने कर लागणारे एकूण उत्पन्न बारा लाखांपर्यंत असेल, तर निवासी व्यक्तीला सूट मिळून कर शून्य होतो. वरच्या उदाहरणातील दोन्ही वृद्धांचा कर इथे शून्यच. म्हणजे राज्यकर्त्यांनी जन्मतारखेऐवजी उत्पन्नाकडे पाहायचे ठरवले. पुतण्याचा आक्षेप त्यांनी जवळजवळ मान्यच केला म्हणायचा. व्याजाची वजावट या पद्धतीत नाही, पण व्यवसायाचे उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांची हप्त्यांतील सूट कायम आहे.

भागीदार असलेल्या वडीलधाऱ्यांच्या घरांनी आणखी एक बंधन ध्यानात ठेवावे. निवृत्त गृहस्थ दरवर्षी हवी ती पद्धत निवडू शकतात. व्यवसायाचे उत्पन्न असलेल्याने मात्र जुनी पद्धत स्वीकारून पुन्हा नवीत पाऊल टाकले, तर व्यवसायाचे उत्पन्न असेतोवर जुनीचा दरवाजा बंद होतो. म्हणून वडिलांचे विवरणपत्र भरताना आम्ही दोन्ही पद्धतींचे आकडे शेजारी शेजारी मांडतो आणि मगच सही घेतो.